निष्क्रिय मिनिटं

दारातल्या हजेरीच्या यंत्राला तिचं बोट ओळखू येत नव्हतं, आणि मागे रांग वाढत चालली होती. तिने बोट ओढणीला पुसून पुन्हा दाबलं. लाल दिवा. यंत्रातल्या बाईने कमालीच्या गोडव्याने पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. मग अंगठा लावून झाला, डाव्या हाताचं मधलं बोट झालं. मागून कुणीतरी म्हणालं की थोडं तेल लावून ये, दुसऱ्याने सुचवलं की त्यापेक्षा नवीन बोट घे. शेवटी तिने बोटावर तोंडाची वाफ सोडली, आरशावर सोडतात तशी, आणि हिरवा दिवा लागला. तोवर यंत्राच्या हिशेबाने ती उशिरा आली होती.

असं का होतं हे तिने पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं होतं. ती तपासणी प्रयोगशाळेत काम करायची. दिवसातून असंख्य वेळा हात धुवायचे, वर स्पिरिट चोळायचं, त्यातून वेळ मिळाला तर रसायनं हाताळायची. कातडी कोरडी पडली की बोटावरच्या रेषा काचेला नीट टेकत नाहीत, आणि यंत्राला दिसतं ते नुसतं तुटक तुटक नक्षीकाम. म्हणजे जो जास्त स्वच्छतेने काम करेल तो जास्त लेट. हे तिने लेखी कळवलं होतं. उत्तर आलं होतं की कर्मचाऱ्यांनी हातांची काळजी घ्यावी.

काचपट्ट्यांची खोली वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला होती. उत्तरेची खिडकी, दोन टेबलं, दोन मायक्रोस्कोप, आणि प्रत्येकाशेजारी रिपोर्ट लिहायला एक संगणक. एका टेबलावर सगळे ज्यांना काका म्हणत ते जुने तंत्रज्ञ बसायचे, दुसऱ्यावर ती. बायकांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या काचपट्ट्या त्या खोलीत वाचल्या जात. काचेवर हजारो पेशी पसरलेल्या असतात, गुलाबी, निळसर, हिरवट. त्यातली एखादी, जिचं केंद्रक जरा मोठं, जरा जास्तच काळं आहे, ती शोधायची. सापडली तर तिच्याशेजारी शाईचा ठिपका द्यायचा आणि पट्टी शेवटचं निदान करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवायची. नाही सापडली तर रिपोर्टात तसं लिहायचं, आणि ती बाई घरी जाऊन पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे कित्येकदा काही वर्षं, निर्धास्त राहते. खोलीत तिला सगळे भिंग म्हणत. काकांनी पाडलेलं नाव. जेवणाच्या डब्यातल्या भातातला खडासुद्धा तिला आधी दिसतो म्हणून.

पट्टी वाचायची पद्धत ठरलेली असते. डाव्या हाताने फोकस, उजव्या हाताने पट्टी सरकवायची. वरून खाली एक पट्टा, मग किंचित बाजूला होऊन खालून वर दुसरा, आधीच्या पट्ट्याची कड थोडी धरून. वावर नांगरतात तसं, मध्ये जागा सोडायची नाही. हे चालू असताना संगणकाला हात लावायचं काहीच कारण नसतं. आणि नेमकं तिथेच सगळं बिनसलं.

प्रयोगशाळा तपासणी केंद्रांच्या एका मोठ्या साखळीने विकत घेतली होती, आणि साखळीबरोबर सगळ्या संगणकांवर एक सॉफ्टवेअर आलं होतं. त्याचं नाव सोबती. सोबती काय करायचा, तर किती वेळ कळफलक वाजला, किती वेळ माउस हलला हे मोजायचा, मधूनच मनात येईल तेव्हा पडद्याचा फोटो काढायचा, आणि पाच मिनिटं कशालाच हात लागला नाही तर तो वेळ निष्क्रिय म्हणून लाल रंगात टाकायचा. परत हात लावला की चौकट उघडायची: आपण कुठे होतात? खाली पर्याय. बैठक, जेवण, वैयक्तिक.

ती कुठे होती? ती तिथेच होती, त्याच खुर्चीवर, पडद्यापासून हातभर अंतरावर, डोळे भिंगाला लावून. तसा पर्याय नव्हता. सुरुवातीला ती प्रामाणिकपणे बैठक लिहायची, कारण ती बसलेली तर होतीच. मग व्यवस्थापकांनी विचारलं की तुमच्या दिवसभर कोणाबरोबर बैठका चालतात. तेव्हापासून तिने काहीच लिहिणं सोडलं.

इतरांनी आपापले उपाय काढले होते. नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या, गोडबोली असं नाव पडलेल्या मुलीने आपलं मनगटी घड्याळ माउसच्या खाली ठेवलं होतं. सेकंदकाटा फिरला की माउसला वाटायचं आपण हललो. ती खुशाल चहाला जायची आणि महिनाअखेर तिचा आकडा सगळ्यांत वर. संगणकाची देखभाल करणारा मुलगा, ज्याला सगळे रीस्टार्ट म्हणत, त्याला हे माहीत होतं. तो म्हणायचा, मला तक्रार आली तर मी बघेन. तक्रार कोण करणार, घड्याळ?

काकांना काही फरक पडत नव्हता. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. ते म्हणायचे, मला लाल करू दे, पिवळं करू दे, मी काय लग्नाला उभा आहे?

तिला मात्र फरक पडत होता. व्यवस्थापकांनी तिला बोलावून, आवाज न चढवता, समजावून सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता. बोलताना टेबलावरचा कागद उगाच सरळ करत राहायचा, तेवढंच. साखळीच्या वरच्या कार्यालयात एकच तक्ता दिसतो, त्यात काचपट्ट्यांची खोली तळाला आहे. तिमाही संपेपर्यंत सक्रिय वेळेचा आकडा साठ टक्क्यांच्या वर गेला नाही तर पट्ट्या वाचायचं काम साखळीच्या मुख्य प्रयोगशाळेत जाईल. तुमची नोकरी कुठे जात नाही, ते म्हणाले, नोंदणीच्या खिडकीवर जागा आहे. तिने शांतपणे विचारलं की पट्टी वाचताना माउस का हलावा. ते म्हणाले, मला कळतं हो मॅडम, पण तक्त्याला कळत नाही.

ती त्या दिवशी घरी गेली ती धुमसतच. विज्ञानाची पदवी, त्यावर वर्षभराचं प्रशिक्षण, त्यावर काकांच्या हाताखाली हजारो पट्ट्या, आणि आता खिडकीवर बसून लोकांना विचारायचं की उपाशीपोटी आलात का. बाबा कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या काळच्या मस्टरची गोष्ट काढली. हेडक्लार्क लाल पेन घेऊन दारात बसायचा, पण त्याला निदान चहा पाजता यायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली की हलव ना बाई तो माउस, एवढं काय त्यात, हात का मोडणार आहे?

आईचं म्हणणं तिला रात्रभर पटत गेलं. खरंच, एवढं काय त्यात.

पुढच्या सोमवारपासून ती माउस हलवू लागली. माउस उजव्या बाजूला, पट्टी सरकवायची मूठही उजव्या बाजूला. दर तीन-चार मिनिटांनी मूठ सोडायची, माउसला धक्का द्यायचा, परत मूठ धरायची. पहिल्या दिवशी विसरायला व्हायचं, मग अंगवळणी पडलं. नंतर तर डोळा पेशीवर आणि अर्धं मन माउसवर असं चालू झालं. हलवला का, आत्ताच हलवला, नाही, तो मागच्या पट्ट्याला हलवला. संध्याकाळी तिचं डोकं भणभणायचं. पण पडदा हिरवा झाला. आठवडा संपला तेव्हा आकडा सत्तरच्या पुढे होता.

त्यानंतरच्या मंगळवारी काका एक पट्टी घेऊन तिच्या टेबलाशी आले. एकाने निर्दोष ठरवलेल्या पट्ट्यांतल्या काही दुसऱ्याने पुन्हा वाचायच्या असा खोलीचा जुना नियम होता. त्यांनी पट्टी तिच्या मायक्रोस्कोपवर ठेवली, कडेचा भाग भिंगाखाली आणला आणि बाजूला झाले. तिने डोळे लावले. कडेपासून जरा आत, पंधरा-वीस पेशींचा पुंजका. केंद्रकं काळी, वाकडीतिकडी, एकमेकांवर चढलेली. शिकाऊ पोरालासुद्धा दिसलं असतं.

"ही माझी?" तिने विचारलं.

"तुझीच. ठिपका नाही, काही नाही. तू इथे आलीच नाहीस, पोरी. बाजूचा पट्टा बघितलास, पलीकडचा बघितलास. हा सोडलास."

तिला लगेच कळलं. मूठ सोडली, माउस हलवला, परत आली तेव्हा एक पट्टा पुढे आली. वावरातला एक पट्टा न नांगरता राहिला होता, आणि नेमकं तिथेच ते होतं. तिने हात मांडीवर ठेवले.

काकांनी हळूच सांगितलं की त्यांनी ही पट्टी डॉक्टरीणबाईंकडे पाठवायची सोय केली आहे, सुधारित रिपोर्ट जाईल, बाईला बोलावून घेतील. हे पेशीतले बदल आहेत, कर्करोग अजून लांब आहे, आठवड्याने काही बिघडत नाही. बिघडलं असतं ते पुढच्या तपासणीपर्यंत वाट बघितली असती तर. एखादी पट्टी कोणाच्याही हातून सुटते, तू मनाला लावून घेऊ नकोस, असंही ते म्हणाले.

पण एखादी आहे हे कशावरून? तिच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. काकांनी थोड्याच पट्ट्या पुन्हा वाचल्या होत्या. बाकीच्यांचे रिपोर्ट होऊन गेले होते. त्या आठवड्यातली प्रत्येक पट्टी तिने त्याच हाताने, त्याच अर्ध्या मनाने वाचली होती.

तेवढ्यात पडद्यावर मेल आला. व्यवस्थापकांचा, सगळ्या विभागांना. काचपट्ट्यांच्या खोलीने गेल्या आठवड्यात केलेल्या उल्लेखनीय प्रगतीबद्दल अभिनंदन. खाली हिरवा आलेख, आणि त्यापुढे टाळ्या वाजवणारे दोन हात.

हसावं की रडावं हे तिला कळेना. काकांनी चष्मा वर करून मेल वाचला, आणि इतकी वर्षं त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेली एक शिवी दिली.

तिचा पहिला विचार असा होता की मेलला तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, असं उत्तर द्यावं की लक्षात राहील. तिने ते लिहायलाही घेतलं. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं की हे उत्तर व्यवस्थापकांबद्दल आहे, पट्ट्यांबद्दल नाही. तिने ते पुसलं, हात धुतले, आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन सरळ सांगितलं: मागच्या आठवड्यातल्या आणि काल-आजच्या माझ्या सगळ्या पट्ट्या मला पुन्हा वाचायच्या आहेत, कारण मी त्या माउस हलवत वाचल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, काका आणि तू वाटून घ्या, रोजच्या कामातून वेळ काढा, आणि खाली जाऊन साहेबांना तूच सांग. मी सांगितलं तर ते डॉक्टर विरुद्ध साहेब असं भांडण होईल.

व्यवस्थापक साहेब खूश होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, मेल बघितला का विचारलं. तिने बघितला म्हणून सांगितलं, आणि मग झालेलं सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता. त्यांनी कागद सरळ करणं थांबवलं.

"पण मॅडम, तो तर तुमचा सगळ्यांत चांगला आठवडा होता."

"हो सर. तेच सांगायला आले."

ते म्हणाले की ही चूक माणसाची झाली, यंत्राची नव्हे. माउस हलवा असं काही त्यांनी सांगितलं नव्हतं. ते खरंच होतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. तिच्या जिभेवर बरंच काही आलं. ते गिळून ती एवढंच म्हणाली की चूक माझीच आहे, म्हणून तर परत वाचतेय, आणि पुढचे काही दिवस तुमच्या तक्त्यात आमची खोली अगदी लाल दिसेल, ते आधीच सांगितलेलं बरं. शिवाय तुम्ही एकदा वर येऊन बसा. फार वेळ नाही, एक पट्टी.

ते येतील असं तिला वाटलं नव्हतं. ते दुपारी आले, हातात स्वतःचा लॅपटॉप घेऊन, कारण तो सोडला की त्यांचाही वेळ निष्क्रिय मोजला जायचा. हे कळल्यावर काका इतका वेळ खोकत राहिले की शेवटी त्यांना पाणी प्यावं लागलं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दोघांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप होता, शिकवण्यासाठीचा. तिने त्यांना समोरच्या भिंगाला डोळे लावायला सांगितले. पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग दिसू लागलं. त्यांनी विचारलं की हे सुंदर आहे, हे सगळं चांगलं ना? तिने सांगितलं की बहुतेक सगळं चांगलंच असतं, म्हणूनच अवघड जातं. ती वरून खाली, खालून वर सरकत राहिली. त्यांना घेरी आल्यासारखं झालं, त्यांनी टेबल धरलं, पण डोळे काढले नाहीत. काठाजवळ ती थांबली. "थांबा," ते म्हणाले, "हे वेगळं आहे." तीच ती काकांनी आणलेली पट्टी होती. ते वेगळं होतंच.

"आता मध्येच एकदा लॅपटॉपला हात लावून या," ती म्हणाली.

त्यांनी हात लावला आणि परत भिंगाशी आले. तोवर तिने पट्टी अगदी थोडीशी सरकवली होती. त्यांनी पुंजका शोधला. सापडेना. त्यांनी स्वतः मूठ फिरवून बघितली, इकडे गेले, तिकडे गेले. ते पुन्हा सापडेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तिला विचारलं नाही की तुम्ही पट्टी हलवली का. कदाचित त्यांना कळलं होतं.

निघताना त्यांनी रीस्टार्टला बोलावून घेतलं आणि विचारलं की यावर सोबतीमध्ये काही करता येतं का. रीस्टार्ट म्हणाला, येतं की. ज्या संगणकावर प्रत्यक्ष काम नसतं त्यांचा वेगळा गट करायचा, त्या गटाची निष्क्रिय वेळेची मोजणी बंद ठेवायची. एक खूण करायची, झालं. मग आजपर्यंत का नाही केली? तर कुणी विचारलंच नाही, आणि त्यासाठी वरून परवानगीचा मेल लागतो. भिंगने डोळे मिटले आणि मनातल्या मनात एक ते वीस आकडे मोजले. काकांनी मात्र मनातल्या मनात काही ठेवलं नाही.

पट्ट्या पुन्हा वाचून व्हायला पुढचा शनिवार उजाडला. रोजचं काम सांभाळून, दोघांनी वाटून, माउसला हात न लावता. तिच्या आठवड्यातून आणखी एक निघाली. तिला स्वतःलाच सापडली, आणि यावेळी तिने ठिपका दिला तेव्हा शाईचं पेन जरा जास्तच जोरात टेकलं. त्या बाईलाही बोलावणं गेलं. बाकीच्या निर्दोष होत्या. तक्त्यात खोली इतकी लाल झाली की वरच्या कार्यालयातून फोन आला, तिथे काही अपघात झालाय का म्हणून.

त्या फोनला व्यवस्थापकांनी काय उत्तर दिलं ते तिला नेमकं कळलं नाही. कळलं ते एवढंच की दोन्ही बायकांचे सुधारित रिपोर्ट त्यांनी वर पाठवले होते, सोबत हिरवा आलेखही, आणि खाली दोन्ही कोणत्या आठवड्यातले ते लिहून दिलं होतं.

सोमवारी ते स्वतः वर आले. लॅपटॉप नव्हता. काचपट्ट्यांची खोली मोजणीतून वगळली गेली होती, तिमाहीपुरती, प्रयोग म्हणून. काम इथेच राहणार होतं. ती उठून उभी राहिली होती, ती परत बसली. आभार मानायचे होते, पण साहेबांचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं.

"एक आहे," ते कागद नसल्यामुळे नुसतीच बोटं जुळवत म्हणाले. "त्यांना काहीतरी आकडा हवाच. मिनिटं नकोत तर मग दिवसाला किती पट्ट्या वाचल्या तो द्या म्हणतात. तो ठेवू आपण?"

तिकडे काकांनी खुर्ची वळवली. एकातून सुटायचं आणि दुसऱ्यात अडकायचं. जास्त पट्ट्या म्हणजे भराभर, भराभर म्हणजे परत तेच. तिने पट्टी मायक्रोस्कोपवरून काढून ट्रेमध्ये ठेवली, म्हणजे बोलताना हात रिकामे राहतील.

"द्या सर, आकडा द्या. पण वरची मर्यादा म्हणून द्या. एका माणसाने दिवसाला यापेक्षा जास्त पट्ट्या वाचायच्या नाहीत. ओलांडल्या तर लाल."

"म्हणजे तुम्ही जास्त काम केलंत की मी तुम्हाला थांबवायचं?"

"हो."

त्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले की त्यांना निवृत्तीआधी असा एखादा साहेब बघायचाच होता. व्यवस्थापकांनी खिशातून फोन काढला, किती लिहू विचारलं, आणि तिने सांगितलेला आकडा टाइप करू लागले.